नोटीस काढणारा आणि निकाल देणारा एकच साहेब: जीएसटीच्या वादात जे कुणी बोलत नाही

जीएसटीच्या नोटिशींवरून जो वाद चाललेला असतो तो वाचून वाचून आता वैताग यायला लागलाय, कारण त्यात दोनच बाजू आहेत आणि दोन्ही बाजू माणसांच्या स्वभावाबद्दल बोलतात. व्यापारी म्हणतात, अधिकारी खाऊ आहेत, त्रास द्यायलाच बसलेत. दुसरे म्हणतात, व्यापारीच चोर आहेत, कर बुडवायचा आणि नोटीस आली की बोंब मारायची. मग कुणीतरी लाच घेताना पकडलेल्या एखाद्या अधिकाऱ्याची बातमी टाकतो, त्याला उत्तर म्हणून दुसरा खोट्या बिलांच्या रॅकेटची बातमी टाकतो, आणि गाडी तिथेच अडकते. मला असं वाटतं की हा वाद मुळात चुकीच्या जागी चाललाय. समजा अधिकारी शंभर टक्के प्रामाणिक आहे आणि व्यापारीही शंभर टक्के प्रामाणिक आहे, तरीसुद्धा आज जी पद्धत आहे तिच्यात व्यापाऱ्याला न्याय मिळेल याची खात्री देता येत नाही, कारण चूक शोधणारा, तिच्यावरून आरोप ठेवणारा आणि तो आरोप खरा की खोटा हे ठरवणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. आणि पुढची माझी भूमिका आत्ताच सांगून टाकतो: हे बदलायला कायदा बदलण्याचीही फारशी गरज नाही, कामाचं वाटप बदललं तरी बराचसा प्रश्न सुटतो.

ज्यांचा जीएसटीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी आधी एक केस नीट मांडतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. ही केस काल्पनिक आहे पण अशा केसेस कुठल्याही कर सल्लागाराच्या टेबलावर सापडतील. समजा सांगलीत एक हार्डवेअरचं दुकान आहे. 2018-19 या वर्षात मालकाने एका सप्लायरकडून माल घेतला, बिलाप्रमाणे जीएसटीसकट पैसे बँकेतून दिले, माल दुकानात आला, विकलाही गेला. खरेदीवर दिलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे विक्रीवर भरायच्या करातून तेवढी वजावट, त्याने आपल्या रिटर्नमध्ये घेतलं, 2 लाख 40 हजार रुपये. पण त्या सप्लायरने आपलं रिटर्न भरताना ही बिलं दुकानाच्या जीएसटी नंबरावर न दाखवता किरकोळ ग्राहकांच्या विक्रीत दाखवली. त्यामुळे पोर्टलवर दुकानाच्या GSTR-2A मध्ये, म्हणजे सप्लायरांनी भरलेल्या माहितीवरून आपोआप बनणाऱ्या खरेदीच्या यादीत, ती बिलं दिसतच नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत हे सर्रास झालंय, सगळेच नवीन होते, सॉफ्टवेअरही धड नव्हती.

काही वर्षांनी दुकानाला ASMT-10 ही नोटीस येते, की तुम्ही घेतलेलं क्रेडिट आणि पोर्टलवर दिसणारं क्रेडिट यात फरक आहे, खुलासा करा. ही छाननी झाली. खुलासा पटला तर तोच अधिकारी ASMT-12 देऊन विषय बंद करतो. नाही पटला तर पुढे DRC-01, म्हणजे कारणे दाखवा नोटीस, की हा कर, त्यावर व्याज आणि दंड तुमच्याकडून का वसूल करू नये ते सांगा. दुकानदार उत्तर देतो, सोबत बिलं, बँकेचे उतारे आणि सप्लायरचं पत्र जोडतो. मग सुनावणी, आणि मग DRC-07, म्हणजे आदेश. आता बघा, ASMT-10 कुणी काढली? त्या विभागाच्या राज्यकर अधिकाऱ्याने किंवा सहायक आयुक्ताने. खुलासा समाधानकारक नाही असं कुणी ठरवलं? त्यानेच. DRC-01 मध्ये आरोप कुणी लिहिला? त्यानेच. सुनावणीत समोर कोण बसलंय? तोच. आणि आदेशावर सही? तीही त्याचीच. दरम्यान बदली झाली तरच माणूस बदलतो, नाहीतर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच.

आकडेही बघून घ्या. कर 2,40,000. व्याज वर्षाला 18 टक्के, साडेचार वर्षांचं धरलं तर 1,94,400. दंड 10 टक्के म्हणजे 24,000. एकूण 4,58,400 रुपये, आणि तेही फसवणुकीचा काही आरोप नसताना, साध्या कलम 73 खाली. फसवणुकीचं कलम 74 लावलं आणि आदेशानंतर 30 दिवसांत पैसे भरले नाहीत तर दंडच कराइतका होतो.

आता या केसमध्ये गंमत म्हणजे दुकानदाराच्या बाजूने खुद्द केंद्राचं परिपत्रक आहे. 27 डिसेंबर 2022 चं, 183 नंबरचं. त्यात 2017-18 आणि 2018-19 या दोन वर्षांसाठी सांगितलंय की अशा प्रकारचा फरक असेल आणि एका सप्लायरच्या बाबतीत तो वर्षाला 5 लाखांपर्यंत असेल तर सप्लायरचं प्रमाणपत्र घ्या, त्याच्या वर असेल तर सीएचं किंवा कॉस्ट अकाउंटंटचं घ्या, की व्यवहार खरा आहे आणि कर भरलाय. म्हणजे दुकानदाराने सप्लायरकडून तसं प्रमाणपत्र आणून दिलं की विषय मिटायला हवा. राज्याच्या अधिकाऱ्यांनीही अशा केसेस याच धर्तीवर हाताळायच्या असतात. पण तरीही असे आदेश निघालेत ज्यात एवढंच लिहिलेलं असतं की करदात्याचे उत्तर तपासले, ते समाधानकारक नाही, सबब मागणी कायम. प्रमाणपत्र दिलं होतं की नाही, दिलं होतं तर ते का नाकारलं, एक ओळ नाही.

हे असं का होतं? लगेच उत्तर येतं की अधिकाऱ्याला पैसे हवे होते. काही ठिकाणी तसं असेलही, मी ते नाकारत नाही. पण मला त्याहून साधं आणि त्याहून अवघड कारण दिसतं. ज्या माणसाने स्वतः डेटा बघून फरक शोधला, खुलासा वाचून तो पटत नाही असं ठरवलं, मग चार पानी नोटीस लिहिली, त्याच्याच मनात दोन महिन्यांनी सुनावणीच्या दिवशी पाटी कोरी होईल अशी अपेक्षा आपण कुठल्या आधारावर करतो? तो जे वाचतो ते आधीच काढलेल्या निष्कर्षाच्या चष्म्यातून वाचतो. तुम्ही किंवा मी त्या खुर्चीत बसलो तर आपलंही तेच होईल. यात चारित्र्याचा प्रश्नच येत नाही.

आणि यापेक्षा मोठी गोष्ट अशी की त्या खुर्चीवरचा सगळा दाब एकाच बाजूने आहे. समजा आपल्या सांगलीच्या केसमध्ये अधिकाऱ्याला मनापासून पटलं की दुकानदार बरोबर आहे आणि त्याने 4 लाख 58 हजारांची मागणी रद्द केली. मग काय होतं? कलम 107(2) खाली आयुक्त तो आदेश तपासून त्याच्याविरुद्ध अपील करायला सांगू शकतात. कलम 108 खाली वरिष्ठ अधिकारी आपणहून फाइल मागवून आदेश फिरवू शकतात, पण ते कलम नीट वाचा, आदेश महसुलाच्या हिताला बाधक असेल तरच. दुकानदाराच्या हिताला बाधक असलेला चुकीचा आदेश आपणहून दुरुस्त करायची सोय त्या कलमात नाहीच. त्यावर कॅगचं ऑडिट येतं आणि ऑडिटवाले विचारतात की ही मागणी का सोडली. ऑफिसला वसुलीचं उद्दिष्ट असतंच. म्हणजे मागणी सोडली तर अधिकाऱ्याला चार ठिकाणी खुलासा द्यावा लागेल, आणि चुकीची मागणी कायम केली तर? दुकानदार अपिलात जाईल, कधीतरी दोन-चार वर्षांनी आदेश रद्द होईल, तोपर्यंत साहेबांची बदली झालेली असेल आणि त्यांना कुणी एक शब्द विचारणार नाही. अशा जागी बसलेला सज्जन माणूससुद्धा शंका आली की मागणी कायम करणार आणि म्हणणार, बघू अपिलात. करच्या ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या किती लोकांनी हे वाक्य ऐकलंय! तुमचं बरोबर आहे हो, पण माझ्या लेव्हलला सोडता येत नाही, अपील करा. हे म्हणणारा माणूस वाईट नसतो, उलट तो खरं बोलत असतो, आणि त्याच्या त्या खरं बोलण्यातच या पद्धतीचा सगळा दोष उघडा पडतो, कारण ज्याला सोडता येत नाही त्याला निर्णय देणारा म्हणायचं तरी कसं?

हा प्रश्न काही जीएसटीने जन्माला घातलेला नाही. लंडनमध्ये 1610 साली बोनहॅम नावाच्या डॉक्टरची केस झाली. तिथल्या वैद्यांच्या कॉलेजला अधिकार होता की आमचा परवाना नसलेल्याने लंडनमध्ये वैद्यकी करायची नाही, केली तर आम्हीच समन्स काढणार, आम्हीच दंड करणार, आणि त्या दंडातला अर्धा हिस्सा कॉलेजचा. बोनहॅम केंब्रिजचा शिकलेला, त्याने जुमानलं नाही, त्याला दंड झाला आणि पुढे तुरुंगात टाकलं. न्यायाधीश कोक यांनी निकालात सांगितलं की एकाच मंडळाने निकाल देणारा, समन्स बजावणारा आणि दंडात वाटा असलेला पक्षकार असं तिन्ही होता येणार नाही. 400 वर्षं होऊन गेली. कॉलेजचे डॉक्टर लबाड होते असं कोक यांना सिद्ध करावं लागलं नाही, रचना दाखवली तेवढं पुरलं.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून जवळचं आहे. इंग्रजांच्या काळात जिल्ह्याचा कलेक्टर हाच मॅजिस्ट्रेट, पोलीस त्याच्या हाताखाली, आणि खाली मामलेदारालाही सारा वसुलीबरोबर फौजदारी अधिकार. म्हणजे ज्याच्या देखरेखीखाली तपास व्हायचा त्याच्याचसमोर किंवा त्याच्या हाताखालच्याच माणसासमोर खटला चालायचा. काँग्रेसने स्थापनेनंतर पहिल्या काही अधिवेशनांपासूनच मागणी लावून धरली होती की न्यायाचं काम आणि कारभाराचं काम वेगळं करा. त्यावर सरकारी उत्तर काय असायचं? की खर्च वाढेल, माणसं नाहीत, जिल्ह्यावरचा वचक जाईल, आणि आमचे अधिकारी सचोटीचे आहेत. शेवटी संविधानात कलम 50 आलं, मुंबई राज्याने 1951 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला, आणि देशभर हे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झालं. जिल्हे कोसळले नाहीत. आज एखाद्या फौजदारानेच खटल्याचा निकाल द्यावा असं कुणी म्हटलं तर आपण त्याला वेड्यात काढू, पण साडेचार लाखांच्या करमागणीत तेच रोज चालतं आणि त्याला आपण प्रक्रिया म्हणतो.

इथे कुणी रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव काढतं, की माणूस खमक्या असेल तर पेशव्याच्या घरातल्या माणसालाही दोषी ठरवतो, रचना वगैरे गौण आहे. पण ती गोष्ट शेवटपर्यंत बघा ना. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबाला दोषी धरल्यावर रामशास्त्र्यांना न्यायाधीशपद सोडून पुण्यातून जावं लागलं. ज्या सत्तेविरुद्ध निकाल दिला त्याच सत्तेने दिलेली ती खुर्ची होती, म्हणून ती टिकली नाही. असा माणूस शतकात एखादा होतो, म्हणून तर आपण त्याचं नाव अजून घेतो. तालुक्या-तालुक्यातल्या कर कार्यालयात रामशास्त्री बसवण्याची योजना करता येत नाही, पण फाइल दुसऱ्या टेबलावर पाठवण्याची करता येते.

आता समोरच्या बाजूचे जे खरोखर वजनदार मुद्दे आहेत ते घेतो, कारण ते आहेत आणि व्यापारी संघटनांच्या भाषणात ते कधीच येत नाहीत.

पहिला मुद्दा असा की करनिर्धारण हा खटला नाहीच. कर किती लागतो हे ठरवणं हे कारभाराचंच काम आहे, सगळ्या जगात कर खात्याचा अधिकारीच ते करतो, इन्कम टॅक्सचा असेसिंग ऑफिसर काय वेगळं करतो? हे बरंचसं खरं आहे. बेरीज चुकली, दर चुकीचा लावला, एकच बिल दोनदा धरलं, रिटर्न उशिरा भरलं त्याचं व्याज राहिलं, अशा गोष्टींसाठी दुसरा अधिकारी बसवणं म्हणजे वेळेचा अपव्यय, तिथे ज्याने शोधलं त्यानेच आदेश द्यावा, माझी काही हरकत नाही. पण वादाचा विषय जेव्हा व्यवहार खरा की खोटा, सप्लायर अस्तित्वात होता की नाही, करदात्याने जाणूनबुजून केलं का, असा होतो तेव्हा तो हिशेब राहत नाही, तो आरोप होतो. कराइतकाच दंड लावायचा आणि म्हणायचं की आम्ही फक्त आकडेमोड करतोय, हे पटण्यासारखं नाही. आणि इन्कम टॅक्सचंच उदाहरण द्यायचं तर त्यांनी फेसलेस पद्धत आणताना निर्धारण, पडताळणी, आणि आदेशाच्या मसुद्याचा आढावा यासाठी वेगवेगळी युनिटं केली. त्या पद्धतीत दुसऱ्या अडचणी भरपूर आहेत, पण एकाच माणसाच्या हातात सगळं नको हे तत्त्व तर मान्य झालं ना.

दुसरा मुद्दा कोर्टाचा. लोक म्हणतात की कोर्टांनी हे चालवून घेतलंय. तेही खरं आहे. सरकारी जागांमधून अनधिकृत लोकांना काढण्याच्या कायद्यात त्याच सरकारी कंपनीचा अधिकारी इस्टेट ऑफिसर म्हणून निकाल देतो, त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा 2006 मध्ये क्रॉफर्ड बेली केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केवळ नोकरीत आहे म्हणून पक्षपाती असं धरता येणार नाही. मला वाटतं खात्याच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम आधार आहे आणि तो मी मान्य करतो, की खातं तेच असणं एवढ्यावरून आदेश बेकायदा ठरत नाही. पण त्याच कोर्टाने दुसऱ्या बाजूलाही रेघ ओढलेली आहे. आंध्रमध्ये कृष्णा जिल्ह्यातल्या बसमार्गांच्या सरकारीकरणाची योजना होती, त्यावरच्या हरकती वाहतूक खात्याच्या सचिवांनी ऐकल्या, म्हणजे ज्या खात्याची योजना त्याच खात्याच्या प्रमुखाने. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या केसमध्ये कोर्टाने ते रद्द केलं. मग मुख्यमंत्र्यांनी स्वतः सुनावणी घेतली आणि ते मात्र कोर्टाने दुसऱ्या फेरीत मान्य केलं, कारण मंत्री हा त्या खात्याचा नोकर नाही. सरकार तेच, योजना तीच, फक्त ऐकणारा बदलला आणि निकाल टिकला. यापेक्षा स्पष्ट काय सांगायला हवं?

आणि 2010 च्या ओरिक्स फिशरीज केसमध्ये तर नोटिशीबद्दलच सांगितलंय. तिथे समुद्री माल निर्यात करणाऱ्या कंपनीला आलेल्या कारणे दाखवा नोटिशीतच दोष ठरवून टाकलेला होता, आणि मग नोंदणी रद्द झाली. कोर्टाने म्हटलं की नोटिशीच्या टप्प्यावर अधिकाऱ्याचं मन मोकळं असलं पाहिजे, तिथेच निष्कर्ष लिहिला असेल तर पुढचं उत्तर मागवणं नुसता उपचार होतो. आपल्या इथे नवी मुंबई महापालिकेच्या सेसच्या वादात सीमेन्स कंपनी थेट नोटिशीविरुद्ध कोर्टात गेली होती, एरवी नोटिशीच्या टप्प्यावर कोर्ट ऐकून घेत नाही, पण 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकून घेतलं कारण महापालिकेने आधीच मत बनवलेलं दिसत होतं. म्हणून मी लोकांना सांगतो की आदेश आला की नोटीस आणि आदेश शेजारी शेजारी ठेवा. आदेशातली कारणं म्हणजे नोटिशीतलेच परिच्छेद असतील, तुम्ही जोडलेल्या कागदांचा उल्लेखच नसेल, उत्तराची मुदत संपायच्या आधीचीच सुनावणीची तारीख असेल किंवा सुनावणीच्या रकान्यात चक्क लागू नाही असं लिहिलेलं असेल, तर ऐकून घेतलं गेलेलं नाही हे तिथेच दिसतं. कलम 75(4) सांगतं की विरुद्ध निर्णय द्यायचा विचार असेल तर मागितली नसली तरी सुनावणी द्यायलाच हवी, आणि अलाहाबाद हायकोर्टाने 2022 मध्ये भारत मिंटच्या केसमध्ये याच मुद्द्यावर आदेश रद्द केला.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो: अपील आहे ना! खालच्याने चूक केली तर वरचा सुधारेल. बरं, बघू. अपील तीन महिन्यांत करायचं, फार तर एक महिना उशीर माफ होतो, त्यानंतर दार बंद. आदेश पोर्टलवर कुठल्यातरी टॅबमध्ये पडलेला असतो आणि छोट्या दुकानदाराला तो कळतो बँक खातं अटॅच झाल्यावर, मग चार महिने कधीच गेलेले असतात. वादातल्या कराच्या 10 टक्के आधी भरायचे, सांगलीच्या केसमध्ये 24,000, ती रक्कम काही मोठी नाही हे मी मान्य करतो, पण त्यावर सल्लागाराची फी, खेपा आणि वेळ. आणि ते अपील ऐकणार कोण? त्याच खात्याचा वरिष्ठ अधिकारी, जो काल विभागात वसुली बघत होता आणि उद्या परत तिकडेच जाऊ शकतो.

खात्याबाहेरचं पहिलं दार म्हणजे ट्रिब्युनल. जीएसटी आला जुलै 2017 मध्ये आणि ट्रिब्युनलचं उद्घाटन झालं सप्टेंबर 2025 मध्ये. आठ वर्षं! आठ वर्षं छोट्या माणसाला खात्याच्या बाहेर दाद मागायची तर एकदम हायकोर्ट, आणि अडीच लाखांच्या करासाठी सांगलीचा दुकानदार हायकोर्टात कसा जाणार? या उशिराची कारणं अनेक आहेत पण त्यातलं एक आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. मूळ कायद्यात ट्रिब्युनलच्या खंडपीठात एक न्यायिक सदस्य आणि दोन तांत्रिक सदस्य, म्हणजे केंद्र आणि राज्याच्या कर सेवेतून आलेले, असं गणित होतं. खात्याबाहेरच्या या पहिल्या दारावरसुद्धा बहुमत खात्यातून आलेल्यांचं. 2019 मध्ये मद्रास हायकोर्टाने ते रद्द केलं आणि पुढे 2023 मध्ये कायदा बदलून दोन न्यायिक, दोन तांत्रिक असं करावं लागलं. निर्णय आपल्याच माणसांच्या हातात ठेवण्याची सवय किती खोल असते ते यावरून कळतं, आणि तिची किंमत काही प्रमाणात त्या आठ वर्षांच्या रूपाने सगळ्यांनी मोजली. मधल्या काळात 2017-18 ते 2019-20 साठी अभय योजना आली, पूर्ण कर भरा, अपील मागे घ्या, व्याज-दंड माफ. आपण बरोबर आहोत असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातल्याही अनेकांनी कर भरून टाकला. सरकार दरबारी ते प्रकरण मिटलं, पण ते क्रेडिट खरंच चुकीचं होतं का हे कधी कुणी ठरवलंच नाही.

आणि अपिलाबद्दल अजून एक. पहिल्या पायरीवर नोंदवलेली वस्तुस्थिती पुढे सगळीकडे चिकटून येते. कुठला कागद दिला, कुणाचा जबाब घेतला, कुणाची उलटतपासणी नाकारली, हे सगळं तिथे ठरतं. खालची पायरी वाकडी असेल तर वरच्या दहा पायऱ्या सरळ करून उपयोग नाही.

चौथा मुद्दा माणसांचा आणि कौशल्याचा, की इतके अधिकारी आणणार कुठून आणि कर कळणारी माणसं खात्यातच आहेत. अगदी मान्य, मी तालुक्याला न्यायाधीश नेमा म्हणत नाहीच आहे. पण खात्यातल्याच दुसऱ्या माणसाने बघावं यात काय अशक्य आहे? केंद्राच्या बाजूला हे होतं! त्यांच्या ऑडिट आयुक्तालयाने काढलेल्या नोटिशींवर निर्णय कार्यकारी आयुक्तालयात होतो. गुप्तचर महासंचालनालय, म्हणजे डीजीजीआय, मोठमोठे तपास करतं, नोटीस काढतं, पण निकाल ते देत नाही, तो आयुक्तालयातला अधिकारी देतो, आणि त्यासाठी मार्च 2022 च्या परिपत्रकात ठराविक आयुक्तालयांच्या अधिकाऱ्यांना देशभरच्या अशा केसेसचे अधिकार दिलेत. म्हणजे कोट्यवधींच्या घोटाळ्याचा संशय असलेल्या माणसाला निदान वेगळा अधिकारी मिळतो आणि 2 लाख 40 हजारांच्या फरकाच्या दुकानदाराला तोही नाही. छाननीच्या केसेसमध्ये तर केंद्राच्या बाजूलाही 10 लाखांपर्यंतच्या करासाठी रेंजचा सुपरिंटेंडंटच नोटीस काढतो आणि तोच निकाल देतो. हे कुठल्या न्यायाने?

कायद्याचं काय म्हणाल तर कलम 61, 73, 74 आणि 2024-25 पासून लागू झालेलं 74 ए, सगळीकडे एकच शब्दप्रयोग आहे, योग्य अधिकारी. नोटीस देणारा आणि आदेश देणारा योग्य अधिकारी एकच असावा असं कुठेच लिहिलेलं नाही. कोण कशासाठी योग्य अधिकारी हे आयुक्तांनी काम सोपवण्यावर ठरतं. त्यामुळे राज्याच्या आयुक्तांनी एक आदेश काढला की ठराविक रकमेच्या वरच्या किंवा कलम 74 सारख्या फसवणुकीच्या आरोपाच्या सगळ्या केसेसमध्ये नोटीस निघाली की फाइल दुसऱ्या विभागातल्या अधिकाऱ्याकडे जाईल, तर ते उद्यापासून होऊ शकतं. सांगलीची फाइल कोल्हापूरला, कोल्हापूरची सोलापूरला. सगळं पोर्टलवर आहे, सुनावणी व्हिडिओवर होते, एकही जास्तीचा माणूस लागत नाही. नोटीस काढणाऱ्याने त्या सुनावणीला हजर राहून आपली बाजू मांडावी, दुकानदाराने आपली मांडावी, आणि ज्याने दोघांचंही आधी काही ठरवलेलं नाही त्याने ऐकावं.

यावर एक शंका रास्त आहे की कोल्हापूरचा अधिकारीही त्याच खात्याचा, त्यालाही उद्दिष्ट आहे, त्याच्याही मागे कलम 108 आहे. बरोबर, म्हणून नुसती फाइल हलवून पूर्ण काम होत नाही. स्वतःच लिहिलेल्या नोटिशीचं समर्थन करायची ओढ त्याने जाते, पण महसुलाकडचा दाब राहतो. तो कमी करायचा असेल तर निकालाचं काम करणाऱ्याला वसुलीच्या उद्दिष्टातून पूर्ण बाहेर काढायला हवं आणि त्याचे किती आदेश अपिलात टिकले, किती पडले हे त्याच्या गोपनीय अहवालात यायला हवं. हेही प्रशासकीय पातळीवर जमण्यासारखं आहे. कलम 108 मध्ये मात्र संसदेला आणि विधिमंडळाला हात घालावा लागेल, करदात्यावर अन्याय करणारा आदेशही आपणहून तपासता येईल अशी दुरुस्ती लागेल, आणि त्यासाठी जीएसटी कौन्सिलमध्ये विषय न्यावा लागेल. व्यापारी संघटना दर बैठकीआधी कुठल्या वस्तूचा दर कमी करा याची निवेदनं देतात. त्यांनी पुढच्या वेळी हा मुद्दा पहिल्या नंबरावर घालावा, आणि राज्याच्या आयुक्तांकडे फाइल बदलण्याच्या आदेशाची मागणी तर कौन्सिलची वाट न बघता आत्ताच करावी.